विष कुठे तयार झालं?

अन्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो. एका समारंभात इतके लोक जेवले, इतक्या तासांनी त्यांना त्रास सुरू झाला, लक्षणं अशी होती, ताटात हे पदार्थ होते; जबाबदार जिवाणू ओळखा आणि कारणं द्या. मजकूर पाच-सहा ओळींचा असतो, पण त्यात उत्तराला लागणारं जवळजवळ सगळं दिलेलं असतं.

विद्यार्थी बहुतेक वेळा पदार्थांच्या यादीवर बोट ठेवतात. चिकन दिसलं की साल्मोनेला, भात दिसला की बॅसिलस सेरियस, दुधाचा पदार्थ दिसला की स्टॅफिलोकोकस. कधी उत्तर बरोबर येतं, पण तो योगायोग असतो. कारण एकाच पदार्थात वेगवेगळे जिवाणू वाढू शकतात आणि एकच जिवाणू दहा पदार्थांत सापडतो. म्हणून पदार्थ नंतर पाहायचा. आधी पाहायचं ते घड्याळ: जेवण आणि पहिलं लक्षण यांत किती तास गेले? पाठ्यपुस्तकात याला अधिशयन काळ म्हणतात. हा काळ मोलाचा आहे, कारण तो विष कुठे तयार झालं ते सांगतो.

हे नीट कळण्यासाठी एक खरी घटना घेऊ. साथरोगतज्ज्ञांच्या अनेक पिढ्या तिच्यावर शिकल्या आहेत आणि अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या प्रशिक्षणात ती आजही उदाहरण म्हणून सोडवायला दिली जाते.

१८ एप्रिल १९४०. न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो काउंटीत लायकमिंग नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण होतं. सगळे पदार्थ गावकऱ्यांनीच घरून करून आणले होते. भाजलेलं हॅम, पालक, कुस्करलेले बटाटे, कोबीचं सॅलड, जेली, पाव, केक, फळांचं सॅलड, दूध, कॉफी आणि दोन प्रकारचं आइस्क्रीम, व्हॅनिला आणि चॉकलेट. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत लोक येऊन जेवत होते. एकूण ८० जण जेवले आणि त्याच रात्री गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तपासासाठी डॉ. ए. एम. रुबिन यांना पाठवण्यात आलं. त्यांनी ७५ जणांना गाठून विचारपूस केली. त्यातले ४६ जण आजारी पडले होते.

लक्षणं साधारण सारखीच होती: मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी. ताप कोणालाच नव्हता. २४ ते ३० तासांत सगळे बरे झाले. ज्यांच्या जेवणाची आणि त्रासाची वेळ ठाऊक होती, त्यांच्यात हे अंतर ३ ते ७ तासांचं होतं. मधला आकडा सुमारे ४ तास.

परीक्षेतला प्रश्न असता तर तो इथेच संपला असता. आता उत्तराकडे वळू.

पहिली पायरी : घड्याळ

अन्नातून बाधा होते तेव्हा विष तीनपैकी एका ठिकाणी तयार झालेलं असतं.

पहिलं ठिकाण म्हणजे पातेलं. जिवाणू अन्नातच वाढले, त्यांनी तिथेच विष सोडलं आणि आपण ते तयार विष खाल्लं. अशा वेळी शरीरात काही घडायची वाट पाहावी लागत नाही. अर्ध्या तासापासून सहा-सात तासांच्या आत त्रास सुरू होतो आणि तोही बहुधा उलटीने.

दुसरं ठिकाण आतड्याची पोकळी. इथे आपण जिवंत जिवाणू मोठ्या संख्येने गिळतो. ते जठर ओलांडून लहान आतड्यात पोहोचतात आणि विष तिथे तयार करतात. या प्रवासाला आणि कामाला साधारण ८ ते १६ तास लागतात. विष आतड्यातच असल्यामुळे मुख्य त्रास पोटात कळा आणि पातळ जुलाब हा असतो, उलट्या कमी.

तिसरं ठिकाण आतड्याची भिंत. जिवाणू भिंतीच्या पेशींत शिरतात, वाढतात आणि दाह निर्माण करतात. शरीर त्यांच्याशी झुंजू लागतं म्हणून ताप येतो. याला बहुधा अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागतो, काही जिवाणूंच्या बाबतीत दोन ते पाच दिवसही.

या तिन्हींच्याही आधी, म्हणजे खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात, उलट्या सुरू झाल्या तर जिवाणूचा विचार जरा बाजूला ठेवावा. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात कळकलेलं आंबट वरण खाल्लं की काय होतं, हे आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. तिथे त्रास तांब्याचा असतो, जिवाणूचा नसतो.

लायकमिंगमध्ये मधला आकडा चार तासांचा होता. चार तासांत जिवाणू आतड्यात पोहोचून, वाढून, विष तयार करून ४६ माणसांना आडवं करू शकत नाही. म्हणजे विष ताटात आलं तेव्हाच तयार होतं. त्यात उलट्या ठळक होत्या, ताप नव्हता आणि एका दिवसात सगळे बरे झाले. हे चित्र दोनच जिवाणूंशी जुळतं: स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियसचा उलट्या घडवणारा प्रकार. घड्याळ आपल्याला इथवर आणतं. या दोघांत निवड करायला ते पुरत नाही, कारण दोघांचाही काळ सारखाच आहे. पदार्थाकडे वळायची वेळ आता येते.

दुसरी पायरी : कोणता पदार्थ?

पदार्थ ओळखताना तर्क नको, गणित हवं. प्रत्येक पदार्थासाठी दोन गट करायचे: ज्यांनी तो खाल्ला आणि ज्यांनी खाल्ला नाही. दोन्ही गटांत आजारी पडलेल्यांचं प्रमाण काढायचं आणि ते शेजारी शेजारी ठेवायचं.

हॅम ४६ जणांनी खाल्लं होतं, त्यातले २९ आजारी पडले. म्हणजे ६३ टक्के. एवढंच वाचून विद्यार्थी हॅमला दोषी ठरवतात, कारण खारवलेलं मांस आणि स्टॅफिलोकोकस यांची जोडी त्यांनी पाठ केलेली असते. पण हॅम न खाणारे २९ जण होते आणि त्यातलेही १७ आजारी पडले, म्हणजे ५९ टक्के. खाल्लं काय आणि न खाल्लं काय, प्रमाण जवळपास सारखंच. हॅम निर्दोष आहे.

व्हॅनिला आइस्क्रीम ५४ जणांनी खाल्लं आणि ४३ आजारी पडले: ८० टक्के. ते न खाणाऱ्या २१ जणांत फक्त ३ आजारी पडले: १४ टक्के. खाणाऱ्यांना धोका साडेपाच पटींहून जास्त. इतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही पदार्थात नव्हता.

चॉकलेट आइस्क्रीमचे आकडे मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकतात. ते खाणाऱ्या ४७ जणांत २५ आजारी, म्हणजे ५३ टक्के. न खाणाऱ्या २७ जणांत २० आजारी, म्हणजे ७४ टक्के. चॉकलेट आइस्क्रीम खाल्ल्याने माणूस वाचतो की काय, असं वाटावं. खरं कारण साधं आहे. ज्यांनी चॉकलेट घेतलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हॅनिला घेतलं नाही आणि ज्यांनी चॉकलेट टाळलं ते व्हॅनिलाकडे गेले. चॉकलेटने कोणाला वाचवलं नाही, व्हॅनिला न घेण्याने वाचवलं.

या नोंदींत आठ वर्षांचा एक मुलगाही आहे. आईवडील जेवणाच्या तयारीत असताना त्याने सकाळी अकरा वाजताच व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लं आणि दुपारी तीनला त्याला त्रास सुरू झाला. आलेखावर तो सगळ्यांपासून दूर, एकटा पडलेला ठिपका दिसतो, म्हणून त्याला चूक समजून खोडून टाकावंसं वाटतं. पण अकरा ते तीन म्हणजे पुन्हा चारच तास. आणि संध्याकाळचं जेवण सुरू होण्याआधीच आइस्क्रीममध्ये विष होतं, हेही याच एका नोंदीवरून कळतं.

तिसरी पायरी : स्वयंपाकाचा इतिहास

आता विचारायचं की त्या आइस्क्रीमवर काय काय घडलं होतं. आदल्या दिवशी, १७ तारखेच्या दुपारी, घरच्या गोठ्यातलं कच्चं दूध तापवलं गेलं. त्यात साखर, अंडी आणि दाटपणासाठी थोडं पीठ घातलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास हे मिश्रण झाकलेल्या भांड्यांतून चर्चच्या तळघरात नेलं आणि ते रात्रभर तिथेच राहिलं. सकाळी व्हॅनिला घालून ते गोठवायला लावलं.

प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच: शिजवल्यावर हाताळणी आणि मग रात्रभर न थंडावता ठेवणं. स्टॅफिलोकोकस ऑरियस निरोगी माणसाच्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या फोडात राहतो. उकळत्या दुधात तो मरतो, पण दूध निवल्यावर शिंकेतून किंवा बोटांवरून पुन्हा येऊ शकतो. तापवलेल्या दुधात त्याला स्पर्धक उरलेले नसतात. प्रथिनं आणि ओलावा भरपूर असतो. संख्या एका ग्रॅममध्ये लाखाच्या पुढे गेली की पुरेसं विष साठू लागतं. माणसाला उलट्या व्हायला एका मायक्रोग्रॅमहून कमी विषही पुरतं. पुढे गोठवल्याने विष नाहीसं होत नाही आणि अर्धा तास उकळल्यानेही ते टिकून राहतं. म्हणून या जिवाणूच्या बाबतीत ‘परत गरम करून खाल्लं’ हा बचाव चालत नाही.

ताप का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. जिवाणू शरीरात शिरलेलाच नाही. पोटात गेलेलं विष मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं आणि विष बाहेर पडलं की त्रास थांबतो.

चौथी पायरी : प्रयोगशाळा

इथवर जे मिळालं तो सबळ संशय आहे, पुरावा नाही. पुरावा उरलेल्या अन्नातून मिळतो. आज हा नमुना बेअर्ड-पार्कर अगार या माध्यमावर वाढवतात. त्यात अंड्याचा बलक आणि टेल्युराइट असतं. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या वसाहती त्यावर काळ्या, चमकदार आणि भोवती स्वच्छ कडं असलेल्या दिसतात. त्यातली एक वसाहत सशाच्या रक्तद्रवात मिसळून ३७ अंशांवर ठेवली आणि द्रव गोठून दह्यासारखा झाला, तर कोॲग्युलेज चाचणी होकारार्थी. त्यानंतर अन्नात प्रत्यक्ष विष आहे का, हे वेगळं तपासतात.

विष वेगळं का तपासायचं? कारण अन्न पुन्हा उकळलं गेलं असेल तर जिवाणू मेलेले असतात आणि वाढवून पाहिल्यास काहीच उगवत नाही. विष मात्र तसंच असतं. नमुन्यात जिवाणू सापडला नाही, म्हणून तो दोषी नव्हता, असं म्हणता येत नाही. परीक्षेत या मुद्द्यावर हमखास उपप्रश्न येतो.

लायकमिंगच्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये स्टॅफिलोकोकस मोठ्या संख्येने सापडले. चॉकलेटमध्ये अगदी थोडे. आइस्क्रीम करणाऱ्या घरातल्या एकीच्या नाक-घशातही स्टॅफिलोकोकस ऑरियस मिळाला. तरीही डॉ. रुबिन यांनी तो तिच्याकडूनच आला असं ठामपणे लिहिलं नाही. हा जिवाणू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतो. तोच वंश अन्नात होता हे त्या काळी सिद्ध करता येत नव्हतं. म्हणून जिवाणू आणि पदार्थ निश्चित, पण तो आइस्क्रीममध्ये आला कसा हे अंदाजावर, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. उत्तरपत्रिकेतही असंच लिहावं: जेवढं सिद्ध होतं तेवढंच.

व्हॅनिलाच, पण ओस्लोची

पदार्थावरून जिवाणू ठरवण्यातला धोका दाखवायला नॉर्वेची घटना उत्तम आहे. १९४७ ते १९४९ या काळात ओस्लोत अन्नबाधेचे काही मोठे उद्रेक झाले. पदार्थ होता व्हॅनिला सॉस. दूध, गोड चव, व्हॅनिला आणि आदल्या दिवशी करून ठेवलेला. कागदावर लायकमिंगचं जुळं भावंड. पण इथे त्रास सुमारे दहा तासांनी सुरू झाला आणि त्यात उलट्यांपेक्षा पोटातल्या कळा आणि पातळ जुलाब जास्त होते.

घड्याळ बदललं की उत्तर बदलतं. दहा तास म्हणजे विष आतड्यात तयार झालेलं. तपास करणारे स्टाइनर हाउगे यांना सॉसमध्ये बॅसिलस सेरियस सापडला. सॉस दाट करायला वापरलेल्या मक्याच्या पिठातून त्याचे बीजाणू आले होते. बीजाणू म्हणजे जिवाणूचं कवचबंद रूप. ते उकळण्याने मरत नाहीत आणि सॉस सावकाश निवत असताना रुजून वाढू लागतात. हाउगे यांनी हा जिवाणू सॉसमध्ये वाढवला, तो सॉस स्वतः प्यायले आणि सुमारे तेरा तासांनी त्यांना तोच त्रास झाला.

याच जिवाणूचा दुसरा प्रकार शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात वाढतो, विष भातातच सोडतो आणि एक ते सहा तासांत उलट्या घडवतो. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी खानावळींतल्या फ्राइड राइसमुळे तो ठळकपणे पुढे आला. म्हणून प्रश्नात ‘उलट्या, तीन तास’ असेल तर पदार्थ नीट वाचा. हाताळलेला दूध, मांस किंवा क्रीमचा पदार्थ स्टॅफिलोकोककडे बोट दाखवतो. परातीत पडून राहिलेला भात बॅसिलस सेरियसकडे.

आता आपल्याकडच्या पंगतीचा विचार करा. मोठ्या टोपात रात्री मटणाचा रस्सा केला, झाकून ठेवला, सकाळी कोमट करून वाढला. दहा-बारा तासांनी अनेकांना पोटात कळा आणि जुलाब. उलट्या जवळपास नाहीत, ताप नाही, एका दिवसात बरे. हा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याचेही बीजाणू शिजवण्यातून वाचतात. टोपाच्या मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि ४५ अंशांच्या आसपास हा जिवाणू दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. तोच टोप उथळ परातींत ओतून लवकर थंड केला असता, तर हे टळलं असतं.

आणि याच प्रश्नात ‘ताप’ हा शब्द आला, काळ बारा ते छत्तीस तासांचा झाला, ताटात अर्धकच्ची अंडी किंवा नीट न शिजलेलं चिकन असलं, की साल्मोनेला. एक शब्द बदलला आणि विषाचं ठिकाण पातेल्यातून आतड्याच्या भिंतीत गेलं.

घड्याळ कुठे फसतं?

एका रुग्णाच्या वेळेवरून काही ठरवू नये. कोणी जास्त खाल्लेलं असतं, कोणाची प्रकृती नाजूक असते. म्हणून अनेकांच्या वेळा घेऊन मधला आकडा काढायचा. दुसरं म्हणजे माणूस नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. पण कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास दोन ते पाच दिवसांनी होतो आणि लिस्टेरियाचा कित्येक आठवड्यांनीही. तिथे कालचं हॉटेल निर्दोष असू शकतं. आणि लायकमिंगमध्ये व्हॅनिला खाऊनही ११ जण ठणठणीत राहिले, तर तिघे ते न खाता आजारी पडले. खऱ्या आकड्यांत असे अपवाद असतातच. काय खाल्लं हे लोक विसरतात, सगळ्यांच्या वाट्याला विष सारखं येत नाही. अपवाद उत्तरात नोंदवावेत, लपवू नयेत.

लायकमिंगचं उत्तर चार वाक्यांत लिहिता येतं. मधला काळ चार तास आणि उलट्या ठळक, म्हणून विष अन्नातच तयार झालेलं. ताप नाही, एका दिवसात बरे, म्हणून शरीरात शिरकाव नाही. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्यांत ८० टक्के आणि न खाणाऱ्यांत १४ टक्के आजारी, म्हणून वाहक पदार्थ तोच. शिजवल्यावर हाताळलेलं आणि रात्रभर ठेवलेलं दुधाचं मिश्रण, नमुन्यात मोठ्या संख्येने स्टॅफिलोकोकस, म्हणून जिवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही, त्यांनाही हे कधीतरी लागू शकतं. लग्नात, वसतिगृहात, महाप्रसादाला एकाच वेळी अनेकांना त्रास झाला, तर आजाऱ्यांना दवाखान्यात पाठवल्यावर दोन कामं करा. प्रत्येकाने कधी आणि काय खाल्लं, पहिला त्रास किती वाजता झाला हे लिहून काढा. बरे असलेल्यांनी काय खाल्लं तेही लिहा. आणि घाबरून उरलेलं अन्न फेकू नका. प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग स्वच्छ डब्यात भरून, नाव-वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठवल्याने परफ्रिंजन्ससारखे जिवाणू मरतात आणि पुरावाच जातो. नमुना आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती द्या आणि तोवर ते अन्न कोणी खाणार नाही याची काळजी घ्या.